वॉरंटी कोणत्या तारखेला संपते आणि पत्रात ती कशी लिहायची

प्रश्न: मॅडम, मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. मागच्या धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबर २०२४ ला फ्रिज घेतला. कार्डावर 'खरेदीच्या तारखेपासून १२ महिने' असं छापलंय. २५ ऑक्टोबर २०२५ ला कूलिंग बंद पडलं. २७ ला हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण कुणी आलं नाही, उलट २८ ला तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. ३० ला परत फोन केला, नवा नंबर मिळाला. ३१ ला मेकॅनिक आला, सर्किट बोर्ड गेलाय म्हणाला, आणि वॉरंटी २८ लाच संपली म्हणून साडेचार हजार मागतोय. दुकानदार म्हणतो, यंदाची धनत्रयोदशी १८ लाच झाली, वर्ष कधीच भरलं. आता कंपनीला पत्र लिहायचंय. त्यात वॉरंटीची शेवटची तारीख कोणती लिहू?

उत्तर: २९ ऑक्टोबर २०२५ लिहा. पण नुसती तारीख लिहून थांबू नका. ती कशी काढली हे एका वाक्यात सांगा, आणि त्याच्या लगेच खाली हेही लिहा की कंपनीची २८ तारीख धरली तरी तुमची २७ ची तक्रार मुदतीच्या आतच आहे. तुमचं पत्र या दोन वाक्यांवर उभं राहणार आहे. ती नीट जमली तर मेकॅनिकने जॉबशीटवर काय खरडलं याला फारशी किंमत राहत नाही.

आधी २९ का, ते बघू. कार्डावर 'खरेदीच्या तारखेपासून १२ महिने' असं आहे. 'अमुक तारखेपासून' अशी मुदत दिली असेल तर ती तारीख मोजणीत धरायची नाही आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची, ही आपल्याकडची जुनी आणि पक्की रीत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्ये ती लिहिलेली आहे. तो कायदा मुळात संसदेच्या कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे, वॉरंटी कार्डासाठी नाही. पण करारातल्या मुदती मोजतानाही न्यायालयं सहसा याच वाटेने जातात. तुमच्या बाबतीत पहिला दिवस ३० ऑक्टोबर २०२४ झाला. तिथून बारा महिने मोजले की शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२५ येतो, आणि तो अख्खा दिवस, रात्री बारापर्यंत, तुमचा आहे.

महिन्यांची मुदत दिवसांनी मोजायची नसते, हेही लक्षात असू द्या. सर्व्हिस सेंटरमधली काही मंडळी महिना म्हणजे तीस दिवस धरून बारा गुणिले तीस असा हिशेब करतात. तसे ३६० दिवस तुमच्या खरेदीला लावले तर मुदत २४ ऑक्टोबरलाच संपते, म्हणजे फ्रिज बंद पडायच्या आदल्या दिवशी. कुणी तुम्हाला हा आकडा ऐकवला तर तो मान्य करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हिमाचल प्रदेश सरकार आणि हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की कायद्यात तीन महिने म्हटलं असेल तर त्याचा अर्थ नव्वद दिवस होत नाही. महिने कॅलेंडरनेच मोजायचे आणि मुदत शेवटच्या महिन्यातल्या त्याच तारखेला संपते. ते प्रकरण लवाद निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचं होतं, पण महिना कसा मोजायचा हा प्रश्न तोच आहे.

आता तुमच्या दुकानदाराचा मुद्दा. धनत्रयोदशी ते धनत्रयोदशी वर्ष धरणं आपल्या घरांत स्वाभाविक आहे. माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं खरेदीची तारीख सांगतच नाहीत, 'पाडव्याला घेतला', 'दसऱ्याला घेतला' असंच सांगतात. पण वॉरंटीचे महिने इंग्रजी कॅलेंडरचेच असतात. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिन्याची व्याख्याच तशी आहे. २०२४ ची धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती आणि २०२५ ची १८ ऑक्टोबरला, मध्ये ३५४ दिवसच गेले. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२६ ची धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला जाईल. यंदा १८ ऑक्टोबरला ज्यांनी फ्रिज नेला त्यांना हाच दुकानदार ६ नोव्हेंबर २०२६ पर्यंत वॉरंटी देणार आहे का, एवढंच त्याला विचारा. देणार नाही, आणि देऊही नये. पत्रात मात्र सणाचा उल्लेखच करू नका. खरेदीची तारीख बिलावरची, आणि महिन्याचं नाव अक्षरात. '२९-१०-२४' असं लिहायचं टाळा. तुमच्या तारखेत गोंधळ होणार नाही, पण एखाद्याने १० सप्टेंबरला घेतलेल्या वस्तूबद्दल '१०-९-२४' लिहिलं तर ते ऑक्टोबरची नऊ तारीख म्हणूनही वाचलं जातं. कंपन्यांच्या संगणकांवर महिना आधी लिहिण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते.

२८ तारीख कुठून आली? बिलाचा दिवस हाच पहिला दिवस धरला की बारा महिने आदल्या तारखेला, म्हणजे २८ ऑक्टोबरला पुरे होतात. अनेक कंपन्यांच्या संगणकात मुदत याच पद्धतीने भरलेली असते. मेकॅनिकने स्वतःच्या मनाने तारीख सांगितली असं मला वाटत नाही. त्याच्या मोबाइलवर जी दिसली ती त्याने वाचून दाखवली. तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता. एक्सेलमध्ये पहिलं सूत्र नियमाने येणारी तारीख देतं, दुसरं कंपनीची:

```
=EDATE(DATE(2024,10,29),12)
=EDATE(DATE(2024,10,29),12)-1
```

पहिल्याचं उत्तर २९ ऑक्टोबर २०२५, दुसऱ्याचं २८. उत्तराच्या जागी पाच आकडी संख्या दिसली तर त्या चौकोनाला तारखेचं स्वरूप द्या. खरेदीच्या तारखेत सरळ ३६५ मिळवण्याची सवय काहींना असते. तुमच्या बाबतीत तसं केलं तरी २९ च येते, पण मध्ये २९ फेब्रुवारी आला की एक दिवस कमी पडतो. १५ जून २०२३ ला घेतलेल्या वस्तूत ३६५ मिळवले तर १४ जून २०२४ येते, बारा महिने मात्र १५ जूनला पुरे होतात. खुद्द २९ फेब्रुवारी २०२४ ला खरेदी झाली असेल तर पुढच्या वर्षी ती तारीखच नाही, म्हणून मुदत २८ फेब्रुवारी २०२५ ला संपते. बारा महिन्यांच्या मुदतीत हा एवढाच अवघड दिवस आहे.

२९ लिहिण्याआधी कार्ड परत एकदा, बारीक अक्षरांसकट वाचा. तिथे 'खरेदीची तारीख धरून' अशा अर्थाचे शब्द असतील, किंवा महिन्यांऐवजी '३६५ दिवस' असेल, किंवा मुदत फ्रिज बसवल्याच्या तारखेपासून दिली असेल, तर त्या शब्दांप्रमाणेच मोजायचं. खरेदीची तारीख धरून म्हटलं असेल तर २८ ऑक्टोबर हीच खरी शेवटची तारीख, आणि पत्रातही तीच लिहायची. चुकीची तारीख ठासून लिहिली की समोरचा पहिल्या परिच्छेदातच तुमचं पत्र बाजूला ठेवतो. कार्डावर तुम्ही सांगता तेवढेच शब्द असतील आणि पहिला दिवस धरायचा की नाही याबद्दल कंपनी वाद घालत असेल, तर मजकूर कंपनीने स्वतः छापलेला आहे हे तुमच्या बाजूचं आहे. एकाच वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, हे तत्त्व कराराच्या कायद्यात चांगलं रुजलेलं आहे.

एवढं सांगूनही माझं म्हणणं असं आहे की या एका दिवसासाठी भांडू नका. एका दिवसाच्या वादात तुम्ही बरोबर असलात तरी तो वाद आहे, आणि कंपनीला पत्रव्यवहार लांबवायला तो पुरतो. तुमचं खरं बळ २७ ऑक्टोबरच्या तक्रारीत आहे. ती दोन्ही हिशेबांत आत बसते, म्हणून २८ की २९ या प्रश्नाचं उत्तर न देताही कंपनीला तुमचा दावा नाकारता येत नाही.

आणि नेमकी हीच तक्रार तुमच्या हातून निसटायच्या बेतात आहे. काय झालं ते बघा. २७ ला पहिला नंबर मिळाला. २८ ला तो बंद केला. अशा वेळी बंद करण्याचं कारण बहुधा 'ग्राहक घरी नाही' किंवा 'फोन उचलला नाही' असं टाकलेलं असतं. ३० ला तुम्ही फोन केलात तेव्हा जुनी तक्रार पुन्हा उघडायला हवी होती, तिच्याऐवजी नवी नोंदली गेली. आता मेकॅनिकच्या जॉबशीटवर नवा नंबर आहे, त्याच्यापुढे ३० तारीख आहे, आणि ३० तारीख दोन्ही हिशेबांत मुदतीच्या बाहेर पडते. पुढे कंपनीचा माणूस फक्त हा नवा नंबर उघडून बघेल आणि 'मुदत संपल्यावर तक्रार आली' असं अगदी प्रामाणिकपणे लिहील. वॉरंटीच्या प्रकरणांत असं मी वरचेवर बघते. माणसं मुदतीच्या आत तक्रार करतात, मग दुसरा-तिसरा नंबर घेतात, आणि पत्रात शेवटचाच नंबर लिहितात, कारण हाताशी तोच असतो.

म्हणून आज पहिलं काम हे करा. २७ च्या तक्रारीचा मेसेज आणि २८ चा तक्रार बंद केल्याचा मेसेज, दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फोनच्या कॉल यादीत २७ तारखेचा हेल्पलाइनला केलेला कॉल असेल, त्याचाही फोटो काढून ठेवा. काही फोनमध्ये जुने कॉल आपोआप पुसले जातात. मूळ मेसेज फोनमधून काढू नका आणि एवढ्यात फोन बदलू नका. २८ ला दिवसभर घरी कोण होतं आणि कुणाचा फोन आला की नाही, हेही आत्ताच एका कागदावर लिहून काढा. चार महिन्यांनी ते कुणाला आठवत नाही.

फ्रिज बिघडला तो दिवस २५ ऑक्टोबर. तोही पत्रात लिहायचा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. २५ ला बिघाड झाला हे तुम्ही सांगता; २७ ला तक्रार झाली हे कंपनीची स्वतःची नोंद सांगते. मेकॅनिक कधी आला याचा वॉरंटीच्या मुदतीशी संबंध नाही. बिघाड मुदतीत झाला आणि मुदतीतच कळवला, तर तपासायला यायला कंपनीला लागलेला वेळ ग्राहकाच्या खात्यावर टाकता येत नाही.

खरेदीची तारीख कोणती, हे तुमच्या प्रकरणात सरळ आहे असं धरते. तरी दिवाळीच्या खरेदीत एक गोष्ट वारंवार घडते. महाराणी रोडच्या दुकानात दसऱ्याला हजार-दोन हजार देऊन वस्तू राखून ठेवतात, धनत्रयोदशीला उरलेले पैसे देऊन पक्कं बिल घेतात, वस्तू पाडव्याला घरी येते आणि कंपनीचा माणूस ती आठवड्याने बसवून देतो. चार तारखा झाल्या. कार्डावर 'खरेदीची तारीख' एवढंच असेल तर पक्क्या बिलावरची तारीख धरायची. आगाऊ रकमेची पावती म्हणजे खरेदी नव्हे, म्हणून दुकानदाराने कार्डावर दसऱ्याची तारीख टाकून शिक्का मारला असेल तर तेवढ्यावर गप्प बसू नका. बिल पुढे करा. बिलावर फ्रिजचा मॉडेल क्रमांक आणि सीरियल नंबर आहे का, आणि तो फ्रिजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का, हेही बघून घ्या. जुळत नसेल तर दुकानदाराकडून दुरुस्त बिल किंवा त्याच्या शिक्क्याचं पत्र आधी घ्या. बिलच नसेल तर कंपन्या कारखान्यातून माल बाहेर पडल्याच्या तारखेपासून मुदत मोजू पाहतात आणि गोदामात पडून राहिलेले महिने ग्राहकाच्या वाट्यातून जातात.

आता पत्र. आपल्या इंदुरात सर्व्हिस सेंटरची माणसं हिंदी वाचतात आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयात इंग्रजी, म्हणून पाठवताना त्यातल्या एका भाषेत उतरवून घ्या. मजकूर मी मराठीत देते, म्हणजे प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते तुमच्या लक्षात राहील. एक पान पुरे. मानसिक त्रास, दिवाळीत झालेली गैरसोय, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. तारखांच्या मध्ये ते आलं की तारखा हरवतात.

> दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५
>
> प्रति,
> व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
> (कंपनीचं नाव आणि कार्डावर छापलेला पत्ता)
>
> विषय: फ्रिजची वॉरंटीत मोफत दुरुस्ती करून मिळण्याबाबत. मॉडेल क्रमांक …, सीरियल नंबर …, पहिली तक्रार क्रमांक …, दिनांक २७ ऑक्टोबर २०२५.
>
> महोदय,
>
> वरील फ्रिज मी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी इंदूर येथील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून बिल क्रमांक … ने खरेदी केला. आपल्या वॉरंटी कार्डावर 'खरेदीच्या तारखेपासून १२ महिने' अशी मुदत आहे. खरेदीचा दिवस वगळून बारा कॅलेंडर महिने मोजल्यास ही मुदत २९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिवसअखेर संपते.
>
> २५ ऑक्टोबर २०२५ रोजी फ्रिजचं कूलिंग बंद पडलं. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मी आपल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली व मला वरील तक्रार क्रमांक मिळाला. आपल्या तंत्रज्ञाने सांगितलेली २८ ऑक्टोबर २०२५ ही तारीख धरली तरी ही तक्रार मुदतीच्या आत आहे.
>
> या तक्रारीवर कोणीही तपासणीस आलं नाही. २८ ऑक्टोबर रोजी फ्रिज दुरुस्त न करता तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. ३० ऑक्टोबर रोजी मी पुन्हा फोन केल्यावर क्रमांक … हा नवा नंबर देण्यात आला. ही नवी तक्रार नसून २७ ऑक्टोबरच्याच तक्रारीचा पाठपुरावा आहे. ३१ ऑक्टोबर रोजी आपल्या तंत्रज्ञाने सर्किट बोर्डात बिघाड असल्याचं सांगितलं व वॉरंटी संपल्याचं कारण देऊन ४,५०० रुपयांची मागणी केली.
>
> तरी सर्किट बोर्ड, मजुरी आणि भेटीचा आकार यांपैकी कशाचीही रक्कम न घेता फ्रिज दुरुस्त करून द्यावा आणि १८ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लेखी उत्तर द्यावं. दावा अमान्य असेल तर वॉरंटी कार्डातील कोणत्या अटीनुसार व कोणती शेवटची तारीख धरून, हे लेखी कळवावं.
>
> सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, २७ व २८ ऑक्टोबरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, ३१ ऑक्टोबरची जॉबशीट. सर्व प्रती.
>
> आपला,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल)

काही शब्दांकडे मुद्दाम लक्ष वेधते. विषयाच्या ओळीत पहिला तक्रार क्रमांक आहे, दुसरा नाही, कारण पत्र हातात घेणारा माणूस जो नंबर आधी दिसेल तोच संगणकात टाकून बघतो. 'दिवसअखेर' हा शब्द शेवटची तारीख मुदतीत धरली आहे हे सांगतो. नुसतं 'पर्यंत' लिहिलं की २९ आत की बाहेर असा प्रश्न उरतो. 'धरली तरी' असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही कंपनीची तारीख मान्य करत नाही, फक्त ती गृहीत धरून दाखवता. इथे 'आपली २८ ऑक्टोबर ही तारीख मला मान्य आहे, पण…' असं चुकूनही लिहू नका. आणि उत्तरासाठी 'पंधरा दिवसांत' न लिहिता १८ नोव्हेंबर ही तारीखच दिली आहे, म्हणजे पंधरा दिवस पत्र लिहिल्यापासून की पोचल्यापासून हा नवा हिशेब निघत नाही.

शेवटची मागणी, म्हणजे नकार दिलाच तर कारण लेखी द्या ही, गाळू नका. माझ्या अनुभवात बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. तोंडी 'सिस्टीममध्ये संपली आहे' म्हणणं सोपं असतं. २७ ची तक्रार समोर असताना ती कोणत्या अटीने मुदतीबाहेर गेली हे स्वतःच्या सहीने लिहिणं कुणालाही जड जातं.

पत्र ई-मेलने पाठवा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही, पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. एक प्रत इंदूरच्या सर्व्हिस सेंटरला हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद न घालता तीही स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ बिल कुणालाही देऊ नका, फक्त प्रत द्या. दुकानदारालाही एक प्रत जाऊ द्या, कारण प्रकरण पुढे गेलं तर तोही एक पक्ष असू शकतो.

मेकॅनिकला साडेचार हजार अजून दिले नसतील तर पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबता येईल का ते बघा. घरात औषधं किंवा लहान मूल असेल आणि थांबता येत नसेल, तर पैसे देऊन दुरुस्ती करून घ्या, पण जॉबशीटवर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने लिहा: 'तक्रार २७ ऑक्टोबर २०२५ ची, वॉरंटीच्या मुदतीत. रक्कम परत मागण्याचा हक्क राखून दिली.' मग पत्रातली मागणी मोफत दुरुस्तीऐवजी रक्कम परत मिळण्याची होईल, आणि पावती व काढलेला जुना सर्किट बोर्ड दोन्ही मागून घ्यावं लागेल. बाहेरच्या मेकॅनिककडून मात्र आत्ता काही उघडून घेऊ नका. परक्या माणसाने हात लावला की वॉरंटी रद्द, अशी अट बहुतेक कार्डांवर असते, आणि तारखेचा वाद जिंकूनही तुम्ही त्या अटीवर अडकाल.

तुमच्या कार्डावर कंप्रेसरची दहा वर्षांची वेगळी वॉरंटीही असेल. सर्किट बोर्ड त्यात येत नाही, म्हणून या पत्रात तिचा आधार घेऊ नका. ती याच पद्धतीने २९ ऑक्टोबर २०३४ पर्यंत चालू राहील.

१८ नोव्हेंबरपर्यंत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पत्राची प्रत तिथेही चालते. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तुमची तक्रार इंदूरलाच चालेल. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही आणि वकील करणं सक्तीचं नाही. त्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. कारण नेमकं कधी घडलं, बिघाड झाला तेव्हा की नकार मिळाला तेव्हा, यावर वाद होऊ शकतो, म्हणून सगळ्यात अलीकडची तारीख न धरता सगळ्यात आधीची धरा: २५ ऑक्टोबर २०२५. तिथून दोन वर्षं म्हणजे २५ ऑक्टोबर २०२७, आणि तक्रार त्याच्या कितीतरी आधी दाखल झालेली असावी. तिथेही पहिल्या पानावर हेच चार दिवस याच क्रमाने लिहायचे: खरेदी, बिघाड, पहिली तक्रार, मुदतीचा शेवट.